'मिलियन'चे 'कोटी' होताना...

३ जुलै २००० रोजी रात्री 'स्टार प्लस'वर 'कौन बनेगा करोडपती'चा पहिला भाग प्रसारित झाला. त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे हा तरुण त्या कार्यक्रमातील पहिला करोडपती ठरला आणि मराठी घराघरांत त्याचे कौतुक झाले. हा कार्यक्रम मूळचा ब्रिटिश, हे बहुतेकांना ठाऊक आहे. तेथे त्याचे नाव 'हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर?' असे असून सर्वोच्च बक्षीस दहा लाख पौंडांचे होते. २००० सालच्या मध्याला एका पौंडाला साधारण ६७-६८ रुपये पडत. म्हणजे विनिमय दराने हिशेब केला असता भारतीय स्पर्धकाला पावणेसात कोटींच्या आसपास रक्कम मिळायला हवी होती. उलट आकडा तसाच ठेवून केवळ चलन बदलले असते, तर दहा लाख रुपये झाले असते. प्रत्यक्षात बक्षीस ठरले एक कोटी रुपये. हा आकडा कोणत्याही बँकेच्या दरपत्रकात सापडणारा नव्हता. तो आला कोठून?

उत्तर बक्षिसांच्या शिडीत आहे. ब्रिटनमध्ये पंधरा प्रश्नांची शिडी १०० पौंडांपासून सुरू होई. पुढे २००, ३००, ५००, १,००० अशा पायऱ्या चढत ती ६४ हजार, सव्वा लाख, अडीच लाख, पाच लाख आणि अखेर दहा लाखांवर पोहोचे. भारतीय शिडी १,००० रुपयांपासून सुरू झाली आणि २,०००, ३,०००, ५,०००, १०,००० अशी चढत ६ लाख ४० हजार, साडेबारा लाख, पंचवीस लाख, पन्नास लाख आणि एक कोटीवर थांबली. दोन्ही शिड्या शेजारी ठेवल्या की ध्यानात येते की प्रत्येक पायरी नेमकी दसपट आहे. पायऱ्यांमधील अंतर, सुरक्षित टप्पे, शेवटच्या चार प्रश्नांतील छाती दडपून टाकणारी झेप हे सारे जसेच्या तसे राहिले. शिवाय 'मिलियनेअर' या शब्दाला इंग्रजीत जे वलय आहे, तेच आपल्याकडे 'करोडपती' या शब्दाला आहे. 'लखपती' हा शब्द तोवर बराच स्वस्त झाला होता. रूपांतर झाले ते पैशाच्या किमतीचे नव्हे, तर पैशाच्या वजनाचे.

परदेशातून आलेली संहिता भारतीय प्रेक्षकांसाठी तयार करताना चलन, मापे आणि तारखा यांचे काय करायचे, हा प्रश्न वरकरणी गणकयंत्राने सुटणारा वाटतो. वस्तुतः गणकयंत्राचे काम त्यात सर्वांत शेवटी येते. त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. कथा आपल्या जागीच राहणार आहे की भारतात येणार आहे, ही पहिली. आणि तो आकडा त्या प्रसंगात नेमके कोणते काम करतो आहे, ही दुसरी.

कथा परदेशात, प्रेक्षक येथे

भाषांतरित संवाद (डबिंग) आणि उपशीर्षके यांत कथा मूळ देशातच घडत असते. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचा टॅक्सीचालक मराठीत बोलू लागला, तरी त्याचे शहर न्यूयॉर्कच असते. तेव्हा त्याने भाडे रुपयांत मागणे हास्यास्पद ठरेल. म्हणून येथे सर्वमान्य पद्धत अशी की रक्कम मूळ चलनातच ठेवायची. चलन बदलायचे नाही. बदलायची ती मोजण्याची रीत.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०२१ साली जगभर आणि भारतातही गाजलेली 'स्क्विड गेम' ही दक्षिण कोरियाची मालिका. कर्जबाजारी झालेले ४५६ जण एका जीवघेण्या खेळात उतरतात. प्रत्येक खेळाडूच्या मरणावर ठरावीक रक्कम लावलेली असते आणि तो बाद होताच ती छताला टांगलेल्या पारदर्शक पेटीत जमा होते. ही रक्कम माणशी दहा कोटी वॉन. कोरियन भाषेत दहा कोटींसाठी 'ओक' असा स्वतंत्र शब्द आहे. त्यामुळे कोरियन प्रेक्षकाच्या दृष्टीने हिशेब अगदी सोपा: एक माणूस म्हणजे एक ओक, ४५६ माणसे म्हणजे ४५६ ओक. खेळाडूंची संख्या आणि बक्षिसाचा आकडा एकच आहे आणि मालिकेचा सारा क्रूरपणा त्या एका समीकरणात सामावलेला आहे.

इंग्रजीत जाताना ही रक्कम '४५.६ बिलियन' झाली. आकडा बरोबर आहे, पण दशांश चिन्ह मध्ये आल्याने समीकरण थोडे धूसर झाले. भारतीय भाषांना येथे एक फायदा आहे. आपल्या मोजणीत ही रक्कम ४,५६० कोटी वॉन होते. शेवटचे शून्य झाकले की ४५६ लख्ख दिसतात. पहिल्या खेळात २५५ जण मारले जातात, तेव्हा पेटीत २,५५० कोटी जमा होतात. प्रेक्षकाला बोटे मोजावी लागत नाहीत.

आता कोणी प्रेक्षकाच्या सोयीसाठी या रकमा रुपयांत मांडायच्या ठरवल्या, तर काय होईल? २०२१ मध्ये एका रुपयाला साधारण १६ वॉन मिळत. त्या हिशेबाने एकूण बक्षीस सुमारे २८५ कोटी रुपये, माणशी साडेबासष्ट लाख आणि पहिल्या खेळानंतर पेटीतील रक्कम १५९ कोटींच्या थोडी वर. प्रत्येक आकडा गणिताने बिनचूक असेल, पण माणूस आणि पैसा यांच्यातील नाते पार तुटून जाईल. शिवाय विनिमय दर वर्षागणिक बदलतो, तेव्हा आजचा बिनचूक आकडा उद्या चुकीचा ठरेल. वॉन ही रक्कम किती मोठी, हे प्रेक्षकाला कळावे असे वाटत असेल, तर ते कर्ज, घरभाडे, दिवसाची मजुरी अशा कथेतीलच गोष्टींवरून कळते. तेवढ्यावर विश्वास ठेवणे शहाणपणाचे.

लाख आणि मिलियनची घसरगुंडी

चलन तसेच ठेवले, तरी मोजणी बदलावी लागते आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी, अर्थात एक अब्ज. हे माहीत असूनही घाईत 'टेन मिलियन'चे 'दहा कोटी' होऊन जातात. खरा आकडा एक कोटी असतो. चूक दसपट होते आणि खंडणी मागणारा गुंड अकारण महत्त्वाकांक्षी वाटू लागतो.

संहिता इंग्रजीतून थेट मराठीत न येता हिंदीमार्गे येते, तेव्हा आणखी एक खड्डा तयार असतो. हिंदीत शंभर कोटींना 'अरब' म्हणतात, मराठीत 'अब्ज'. हिंदी मजकुरातील 'अरब' तसाच मराठीत उतरला, तर प्रेक्षकाला आकड्याऐवजी आखाती देश आठवतो. अंक लिहितानाही १,०००,००० हा स्वल्पविराम १०,००,००० असा सरकवावा लागतो. जर्मन किंवा फ्रेंच कागदपत्र पडद्यावर आले, तर तेथे दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात, हेही लक्षात ठेवावे लागते.

या सगळ्यात मराठीकडे एक मोलाचे साधन आहे, ते म्हणजे सव्वा, दीड, अडीच आणि पावणे यांचे. इंग्रजी पात्र 'पाव मिलियन' म्हणते, त्याचे मराठीत सरळ 'अडीच लाख' होतात. 'वन पॉइंट फाइव्ह बिलियन'साठी 'दीड अब्ज' पुरेसे होते. भाषांतरित संवाद मूळ नटाच्या ओठांच्या उघडझापीत बसवावा लागतो आणि असे वाक्य अनेकदा दीड-दोन सेकंदांत संपते. तेथे 'एक दशांश पाच अब्ज' म्हणायला ना वेळ असतो, ना गरज.

उलट दिशेचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. 'स्लमडॉग मिलियनेअर' हा चित्रपट मुंबईत घडतो, पण २००८ साली तो प्रथम इंग्रजी प्रेक्षकांसाठी आला. त्यात जमाल ज्या बक्षिसाच्या उंबरठ्यावर उभा असतो, ते 'वीस मिलियन रुपये' असल्याचे सांगितले जाते. मुंबईत इतक्या रकमेला कोणी वीस मिलियन म्हणणार नाही; ते दोन कोटी. पुढे हिंदी आवृत्ती 'स्लमडॉग करोडपती' या नावाने आपल्याकडे प्रदर्शित झाली, तेव्हा आकडा आपल्या घरी परतला.

कथाच भारतात आली तर

रूपांतर किंवा पुनर्निर्मिती यांचा मामला वेगळा. येथे पात्रे, गाव, बाजार सारेच भारतीय होते. तेव्हा चलन बदलणे भागच असते, पण विनिमय दर तेथेही कामाचा नसतो. पाहायचे ते हे की त्या रकमेने पात्राच्या आयुष्यात काय घडते.

बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' १९१३ साली रंगभूमीवर आले. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये त्याचे 'ती फुलराणी' हे रूपांतर केले, ते मराठी रसिकांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. शॉ यांच्या मूळ नाटकात फुलवालीचा बाप, कचरा वाहणारा डूलिटल, प्राध्यापक हिगिन्सकडे पाच पौंड मागायला येतो. खूश झालेला हिगिन्स दहा देऊ करतो. डूलिटल ते नाकारतो. पाच पौंड एका रात्रीत मौजेत उडवता येतात. दहा हाती आले की माणूस सावध होतो, जपून वागू लागतो आणि सुख संपते, असा त्याचा युक्तिवाद असतो.

रूपांतरकाराला येथे पाच पौंडांची तेव्हाची रुपयांतील किंमत शोधून उपयोग नाही. त्याला अशी रक्कम हवी, जी त्या काळातील, त्या शहरातील, त्या धंद्यातील माणसाला एका रात्रीच्या चैनीला पुरेल, पण जिची दुप्पट झाली की पोस्टात खाते उघडावेसे वाटेल. त्यासाठी त्या माणसाची रोजची कमाई किती, हे आधी ठरवावे लागते. मग रकमेचे त्या कमाईशी असलेले प्रमाण जपायचे. डूलिटलच्या विनोदाचा आधार हे प्रमाणच आहे. ते चुकले, तर पात्र नुसते आडमुठे वाटेल.

येथे वर्षाचेही भान ठेवावे लागते. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. मेट्रिक वजने-मापे त्यानंतर टप्प्याटप्प्याने लागू झाली. एखादी जुनी परदेशी संहिता १९५० च्या मुंबईत आणली, तर तेथील वाणी किलोने साखर देणार नाही. तो शेराने देईल, आणि गिऱ्हाईक आणे मोजील. अशा वेळी पौंडांचे किलो करणे हीच चूक होय.

ज्याचे माप त्यालाच

वजने-मापांच्या बाबतीत एक सोपा वाटणारा नियम सांगितला जातो: भारताने मेट्रिक पद्धत स्वीकारली आहे, तेव्हा सगळे मेट्रिकमध्ये करा. हा नियम पाळणारी संहिता व्याकरणाने शुद्ध आणि कानाला परकी होते. कारण आपण बोलताना कोणत्या गोष्टीला कोणते माप लावतो, हे कायद्यापेक्षा सवयीने ठरलेले आहे. उदाहरणादाखल एका अमेरिकी गुन्हेविषयक मालिकेतील प्रसंग कल्पू या. अॅरिझोनातील एक पोलीस अधिकारी बेपत्ता माणसाचे वर्णन करतो आहे. उंची सहा फूट दोन इंच, वजन १९० पौंड. गावाच्या पूर्वेला 'तीसेक मैलांवर' तो शेवटचा दिसला. बाहेर १०५ अंश तापमान होते आणि त्याच्या अंगात १०३ ताप होता.

उंचीला हात लावायचा नाही. सरकारी अर्जात आपण सेंटिमीटर लिहितो खरे, पण लग्नाच्या स्थळापासून क्रिकेटच्या गोलंदाजापर्यंत सगळ्यांची उंची फूट-इंचांतच सांगतो. 'एकशे अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर' ऐकून कोणाच्याही डोळ्यांपुढे उंच माणूस उभा राहत नाही.

वजन मात्र बदलायला हवे. १९० पौंड म्हणजे ८६.२ किलो. परंतु अधिकारी काही वजनकाट्याशेजारी उभा नाही, तो अंदाज सांगतो आहे. तेव्हा '८५ किलोच्या आसपास' हे योग्य भाषांतर. 'शहाऐंशी पूर्णांक दोन' म्हटले, तर प्रेक्षकाला वाटेल, याने त्या माणसाला तोलले कधी? हीच गोष्ट मैलांची. ३० मैल म्हणजे ४८.३ किलोमीटर; मूळ वाक्यात 'तीसेक' असल्याने मराठीत 'पन्नासेक किलोमीटर' यायला हवे. मूळ आकडा जितका मोघम, तितकाच नवा आकडाही मोघम राहिला पाहिजे. गणकयंत्राने दिलेला दशांश ही जास्तीची अचूकता नव्हे. मूळ लेखकाने कधीच न दिलेली ती खोटी माहिती असते. याउलट शवविच्छेदनाच्या अहवालात १९० पौंड आले, तर तेथे ८६ किलोच लिहावे, कारण तेथे खरोखरच तोललेले आहे.

आता राहिली दोन तापमाने, आणि तीच या प्रसंगातील खरी गंमत. दोन्ही फॅरनहाइटमध्ये आहेत. हवेचे १०५ अंश आपल्याला कळणार नाहीत, कारण हवामान आपण सेल्सिअसमध्ये ऐकतो. ते साधारण ४०.६ होतात, म्हणजे 'पारा चाळिशीपार'. पण अंगातला १०३ ताप तसाच ठेवायचा. मराठी घरात आजही ताप शंभर, एकशे दोन, एकशे तीन असाच मोजला जातो. तो सेल्सिअसमध्ये ३९.४ होतो आणि एकोणचाळीस ताप म्हटल्यावर कोणत्याही आईच्या काळजात धस्स होणार नाही. एकाच वाक्यातील, एकाच मापातील दोन आकड्यांपैकी एक बदलायचा आणि एक ठेवायचा, हे सरसकट नियमाने कधीच जमणार नाही.

याच न्यायाने घराचे क्षेत्रफळ चौरस फुटांत, विमानाची उंची फुटांत आणि दूरचित्रवाणीचा पडदा इंचांत राहू द्यावा. पेट्रोल मात्र गॅलनऐवजी लिटरमध्ये यायला हवे. मजल्यांच्या बाबतीत फसगत ठरलेली असते. अमेरिकेत जमिनीलगतचा मजला 'पहिला' धरतात. तेथील 'तिसरा मजला' आपल्या लेखी दुसरा असतो.

काही मापे मुळात मापे नसतातच. इंग्रजीत 'इंच दिला की मैल घेतो' असे कोणी म्हटले, तर त्याचे सेंटिमीटर आणि किलोमीटर करणारा लेखक विरळाच. आपल्याकडे असा माणूस बोट दिले की मनगट धरतो. मराठीत तसूभर, रतीभर, काकणभर, तोळामासा अशी जुनी मापे बाजारातून गेली तरी बोलीत टिकून आहेत. अशा वाक्प्रचारांत त्यांचा उपयोग गणितापेक्षा कितीतरी नेमका होतो.

पडद्यावर दिसते ते

ऐकू येणारा आकडा बदलता येतो, दिसणारा बदलता येत नाही. गाडी भरधाव निघाली आहे, कॅमेरा वेगदर्शक काट्यावर जातो, काटा ९० वर आहे. हे ताशी मैल आहेत, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटर. शेजारी बसलेले पात्र मराठीत 'एकशे पंचेचाळीसचा वेग!' असे ओरडले, तर प्रेक्षकाचे डोळे आणि कान भांडू लागतात. अशा वेळी 'नव्वद मैलांचा वेग' असेच ठेवणे बरे. पडद्यावरचा आकडा आणि संवाद यांत विसंगती आली, तर पडद्याचे ऐकायचे, हा संकेत.

तारखांमध्ये तर ही विसंगती अधिक घातक ठरते, कारण ती लक्षातच येत नाही. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात. सावकाराच्या चिठ्ठीवर ३/४ असे लिहिलेले दिसले, तर ती मुदत ४ मार्चची आहे. भारतीय प्रेक्षक ती ३ एप्रिल अशी वाचतो. एका महिन्याची सवलत त्याने मनातल्या मनात कर्जदाराला देऊन टाकलेली असते. मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात गुंड दारात आले की त्याला कथाच चुकलेली वाटते. चिठ्ठीवर ३/१४ असते, तर घोटाळा झाला नसता, कारण चौदावा महिना नसतो. म्हणजे दिवसाचा अंक बारापर्यंत असतो तेव्हाच धोका. बारा महिन्यांचे पहिले बारा दिवस मिळून १४४ तारखा होतात. त्यातील १/१, २/२ अशा बारा दोन्हीकडून सारख्याच. उरलेल्या १३२ तारखा दोन्ही रीतींनी वाचता येतात आणि दोन्ही वेळा वेगळ्या निघतात. वर्षातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक दिवस असे फसवे आहेत.

उपाय साधा आहे: उपशीर्षकात महिना अक्षरांत लिहावा, '४ मार्च'. एक अपवाद सर्वांना ठाऊक आहे. २००१ सालचा न्यूयॉर्कवरील हल्ला आपणही 'नाइन इलेव्हन' म्हणूनच ओळखतो, जरी आपल्या रीतीने ती ९ नोव्हेंबर होते. त्याच धर्तीवर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याला नाव पडले, तेव्हा ते मात्र आपल्या क्रमाने 'छब्बीस ग्यारह', '२६/११' असे झाले. तारीख एकदा नाव बनली की तिचे भाषांतर करायचे नसते.

आकडा चुकला आणि डॉक्टर खुनी ठरला

आकड्याच्या चुकीने केवळ चव बिघडते असे नाही. ब्रिटनमधील रुग्णालयावर आधारित मालिकेत बेशुद्ध रुग्ण आणला जातो. परिचारिका सांगते, 'साखर वीस.' डॉक्टर इन्शुलिन द्यायला सांगतात. ब्रिटनमध्ये रक्तातील साखर मिलिमोल प्रतिलिटर या एककात मोजतात. आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. पहिल्याचे दुसरे करताना १८ ने गुणावे लागते. म्हणजे वीस ही आपल्याकडची ३६० झाली, अतिशय वाढलेली साखर, आणि इन्शुलिनचा निर्णय योग्यच.

पण संवादात नुसते 'वीस' राहिले, तर? मधुमेह आज शहरातील घरोघरी पोहोचलेला आहे. घरी साखर तपासणाऱ्या प्रेक्षकाला वीस हा आकडा जीवघेण्या घसरणीचा वाटेल. त्या रुग्णाला इन्शुलिन देणे म्हणजे मारणेच. जो डॉक्टर मूळ मालिकेत प्राण वाचवतो आहे, तो येथे खुनी किंवा मूर्ख दिसेल. त्याहून वाईट म्हणजे कोणी तो आकडा खरा मानून मनात ठेवील. येथे पात्राने '३६०' म्हणणे हेच इमानदार भाषांतर. यंत्राच्या पडद्यावर २० दिसत असेल, तर 'साखर फार वाढली आहे' असे म्हणून आकडा टाळणे श्रेयस्कर.

यादी आधी, भाषांतर मग

हे सारे सांभाळायचे कसे? कामाची शिस्त अशी की संवादांना हात लावण्यापूर्वी संपूर्ण संहिता वाचून तिच्यातील प्रत्येक आकड्याची यादी करायची. प्रत्येकापुढे चार गोष्टी नोंदवायच्या: तो नेमका आहे की मोघम, पडद्यावर दिसतो का, पुढे पुन्हा येतो का, आणि दुसऱ्या एखाद्या आकड्याशी त्याचा हिशेब जुळलेला आहे का. मग प्रत्येक आकड्याचा निर्णय एकदाच घ्यायचा आणि तो सर्व भागांत पाळायचा. मालिकेचे भाग अनेकदा निरनिराळ्या लेखकांकडे वाटून दिले जातात. यादी नसेल, तर दुसऱ्या भागात पन्नास किलोमीटरवर असलेले गाव सातव्या भागात तीस मैलांवर जाते.

हिशेब जुळण्याची अट सर्वांत निसटती. एक पात्र दहा मैल चालते, दुसरे पंधरा आणि दोघे मिळून पंचवीस मैलांची फुशारकी मारतात. वेगवेगळे रूपांतर करून गोळाबेरीज केली, तर दहाचे पंधरा, पंधराचे पंचवीस आणि पंचविसाचे चाळीस किलोमीटर होतात; सुदैवाने बेरीज जमते. पण वीस आणि वीस मिळून चाळीस मैल असते, तर तीस आणि तीस मिळून पासष्ट किलोमीटर होण्याची पाळी येते. अशा ठिकाणी एकूण आकडा आधी ठरवून मग त्याचे भाग पाडावे लागतात.

प्रेक्षकालाही चांगले-वाईट काम सहज ओळखता येते. विनाकारण आलेला दशांश, एकाच प्रसंगात मैल आणि किलोमीटर यांची सरमिसळ, लंडनमध्ये रुपयांत होणारी उधारी आणि काट्यावर एक व कानावर दुसरा असा वेग, ही वाईट कामाची लक्षणे. चांगल्या कामाला लक्षणच नसते. ताप एकशे तीन असतो, पारा चाळिशीपार जातो, माणूस सहा फूट दोन इंच उंच असतो आणि यातला कोणता आकडा बदलला व कोणता तसाच राहिला, हे प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही.